खीर बुडाला लागते तेव्हा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहिते आहे. वसतिगृहात राहणारी एक मुलगी मैत्रिणींसाठी तांदळाची खीर करते, ती खाली लागते, आणि मुलगी बूड अजिबात न खरवडता खीर दुसऱ्या पातेल्यात ओतून वाचवते. असे खरोखर घडू शकते का? स्वयंपाक येणाऱ्या वाचकाला प्रसंग खोटा वाटू नये म्हणून त्यात काय काय यायला हवे?

उत्तर:

घडू शकते, परंतु एका अटीवर. बुडाला चिकटलेला थर तोपर्यंत कोणी डावाने मोडलेला नसावा. मी मुलींच्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर 22 वर्षे सांभाळले. लागलेली खीर वाचलेली मी अनेकदा पाहिली आणि वाया गेलेली त्याहून अधिक वेळा पाहिली. वाया गेलेल्या बहुतेक खिरी आचेने बिघडल्या नव्हत्या. वास येताच घाबरून ज्या हाताने बूड घासले, त्या हाताने त्या बिघडवल्या होत्या. तुमच्या कथेचा ताण तिथेच आहे असे मला वाटते, कारण खाली काहीतरी चिकटते आहे असे कळल्यावर ते सोडवावे असेच हाताला वाटते आणि इथे नेमके तेच करायचे नसते.

आधी बुडाशी काय होते ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक कृती आपोआप सुचेल. दूध साधारण 70 अंशांच्या पुढे गेले की त्यातील काही प्रथिने उलगडतात आणि तापलेल्या धातूला चिकटू लागतात. त्यांच्यासोबत दुधातील चुन्याचे क्षारही बसतात, कारण उष्णता वाढली की ते कमी विरघळतात. सुरुवातीला हा थर पांढरट आणि मऊ असतो. दूध तापवलेल्या कुठल्याही पातेल्याच्या तळाशी तो दिसतो, आणि त्याला आपण आवडीने खरवड म्हणून खातो. तोपर्यंत काहीही बिघडलेले नसते. मात्र थर जाड झाला की वरचे दूध धातूपर्यंत पोहोचत नाही. दूध जोवर धातूला भिजवते आहे तोवर बूड उकळबिंदूच्या फार पुढे जात नाही, पण थराखाली अडकलेला भाग कोरडा पडला की त्याचे तापमान झपाट्याने चढते. मग दुधातील साखर आणि प्रथिने मिळून तो आधी बदामी, नंतर तपकिरी आणि शेवटी काळा होतो. बदामी रंगापर्यंत वास खव्यासारखा, चांगला येतो. त्याच्या पुढे तो करपट होतो.

खीर साध्या दुधापेक्षा लवकर लागते, याचे कारण तांदूळ आहे. कण्या जड असल्याने तळाशी बसतात आणि त्यांचा स्टार्च सुटून दूध दाट होते. दाट दूध स्वतःहून वरखाली फिरत नाही, त्यामुळे तळाचे तळाशीच राहते. साखर आधीच घातली असेल तर चिकटण्याला आणखी हातभार लागतो, शिवाय तांदूळही शिजायला वेळ घेतो. म्हणून मी साखर नेहमी शेवटी घालत असे. तुमच्या कथेतल्या मुलीनेही साखर अजून घातलेली नसेल तर तिची खीर वाचणे अधिक पटेल, आणि हा तपशील एका ओळीत सहज बसेल.

आता मी पाहिलेला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तुम्हाला हवे असलेले बहुतेक तपशील त्यात आहेत. आमच्या वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर मुलींसाठी एक छोटी खोली होती. तिथे एक ओटा आणि कॉइलची विजेची शेगडी होती. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने सहा जणींसाठी 1 लिटर दूध आणि साधारण 60 ग्रॅम तांदूळ घेऊन खीर लावली होती. तांदूळ अर्धा तास भिजवून, निथळून, जाडसर भरडलेला होता. तिथपर्यंत सगळे ठीक होते. पातेले मात्र पातळ स्टीलचे होते. स्टील उष्णता आडवी पसरवत नाही. कॉइल जिथे टेकते तिथेच बूड तापते आणि बोटभर अंतरावर ते त्या मानाने थंड असते. गॅसच्या ज्योतीवर हे थोडे सुसह्य होते, कॉइलवर नाही. दूध दाटत आले असताना मुलगी खालच्या मजल्यावर वाट्या गोळा करायला गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. खीर लागायला दहा मिनिटे पुष्कळ झाली.

ती परत आली तेव्हा वास जिन्यापर्यंत पोहोचला होता, आणि मी त्याच वासामागे वर गेले. पातेल्यात वरून पाहिले तर खीर पांढरीशुभ्र होती. हे तुमच्या कथेत जरूर येऊ द्या, कारण न लागलेली आणि लागलेली खीर वरून सारखीच दिसते. फरक दिसतो तो बुडबुड्यांत. नीट चाललेल्या खिरीत ते सगळीकडून बारीक येतात. लागलेल्या खिरीत एकाच जागेवरून मोठा, जड बुडबुडा फुटतो आणि पातेल्यातून मंद ‘भद्’ असा आवाज येतो. मुलीने डाव उचलला होता आणि तो पातेल्यात घालण्याच्या बेतात होती.

“काकू, पटकन ढवळू का? खाली लागलंय.”

मी तिला डाव खाली ठेवायला सांगितले. तिने बटण बंद केले आणि पातेले तिथेच शेगडीवर राहू दिले. ही दुसरी चूक होऊ घातली होती. गॅस बंद केला की आच थांबते. कॉइल बंद केली तरी ती बराच वेळ तापलेली असते आणि वरचे पातेले त्याच गतीने करपत राहते. म्हणून पातेले आधी सांडशीने उचलून ओट्यावर, कोरड्या जाड फडक्यावर ठेवायचे. उचलताना ते हिंदकळू द्यायचे नाही.

त्यानंतर अर्धा मिनिट थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे आणि घाईत नेमके तेच राहून जाते. उकळी चालू असताना बुडबुडे थराचे पापुद्रे वर ढकलत असतात. उकळी निवली की जे काही सुटले असेल ते पुन्हा तळाशी बसते. पण फार थांबणेही चूक आहे. थर गरम दुधात भिजत राहिला तर तो मऊ होऊन सुटायला लागतो, आणि त्यात साठलेला करपट वास हळूहळू वर उतरतो. माझा अंदाज सांगायचा तर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतचा वेळ योग्य असतो. दहा मिनिटांनी ओतलेली खीर चाखून पाहिली की फरक लगेच कळतो.

तेवढ्या वेळात दुसरे पातेले तयार ठेवायचे. ते स्वच्छ असावे, आणि खीर ओतण्याआधी पाण्याने विसळून न पुसता घ्यावे. ओल्या पातेल्याला दूध कमी चिकटते, ही सवय आपल्याकडे दूध तापवताना घरोघरी असते. त्या मुलीच्या खोलीत दुसरे पातेले नव्हते, म्हणून तिच्या मैत्रिणीने शेजारच्या खोलीतून एक जाड बुडाचे तसराळे आणले. कथेत ही मैत्रीण उपयोगी पडेल, कारण ओतण्याच्या कामाला एकटीचे दोन हात अपुरे पडतात. एकीने सांडशीने पातेले धरायचे आणि दुसरीने तसराळे त्याच्या काठाला टेकवून स्थिर धरायचे.

ओतण्याची पद्धत अशी. पातेले एकाच दिशेने, सावकाश, धार न तोडता वाकवायचे आणि एकदा वाकवले की परत सरळ करायचे नाही. मागेपुढे केले की आतली खीर बुडावरून लाटेसारखी परत जाते आणि जाताना पापुद्रे उचलून आणते. वरचे दूध आधी जाते, मग कण्या सरकू लागतात. शेवटी तळाशी वाटीभर खीर उरते. तिच्यात थराला चिकटलेल्या कण्या असतात आणि तिचा रंग बाकीच्या खिरीपेक्षा किंचित पिवळट दिसतो. तिथे थांबायचे. ती वाटीभर खीर सोडून द्यायची असते. त्या मुलीला हे सर्वांत जड गेले. पैसे सहा जणींनी काढलेले होते, आणि तिने “एवढी तरी घेऊ ना” म्हणत डावाची कड आत घातलीच होती. मी तिचा हात धरला. 1 लिटर दुधाच्या आटलेल्या खिरीतून वाटीभर सोडली तर साधारण सहावा-सातवा हिस्सा जातो. तो वाचवायला गेले तर उरलेले सगळे जाते, हे तिला मी नंतर दाखवले. त्या वाटीभर खिरीतले दोन चमचे खरवडून, वेगळ्या वाटीत चांगल्या खिरीत मिसळून तिला चाखायला दिले. तिने तोंड वाकडे केले आणि पुढे काही बोलली नाही.

एवढ्याशा खरवडीने इतके का बिघडते, हे वाचकाला पटवायचे असेल तर असे पाहा. करपट वास बहुतांशी त्या थरातच असतो, आणि थर अखंड असेपर्यंत तो स्वतःच त्याला धरून ठेवतो. जितका तो मोडतो तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो, आणि प्रत्येक तुकडा सगळ्या दुधात वास सोडत फिरतो. दुधात स्निग्धांश असल्याने करपटपणाची बरीच वासद्रव्ये त्यात मुरतात, मग नुसते उकळून ती निघून जात नाहीत. म्हणूनच धुरकटलेले दूध कितीही आटवले तरी धुरकटच राहते. गाळणीचाही उपयोग नाही. तिच्यातून मोठे पापुद्रे निघतील, पण कण्यांनी जाळी लगेच तुंबते. मग गाळणी चमच्याने दाबावी लागते, आणि दाबताना मऊ पापुद्रे पिळून त्यांचा अर्क खाली उतरतो.

आता चव पाहण्याचा भाग. इथे बहुतेक जण फसतात. खोलीत करपट वास भरलेला असतो आणि नाकाला त्याची सवय झालेली असते. त्यामुळे एक तर चांगली खीरही करपट वाटते, नाहीतर करपटलेली खीर चांगली वाटते. म्हणून जळके पातेले आधी त्या खोलीतून बाहेर न्यायचे आणि त्यात थंड पाणी ओतून ठेवायचे. खिडकी उघडायची, आणि खिरीवर झाकण ठेवायचे नाही. थोडी खीर वाटीत काढून कोमट होऊ द्यायची आणि जी त्या खोलीत नव्हती अशा मुलीला चाखायला द्यायची. आम्ही गच्चीवर अभ्यास करणाऱ्या एकीला बोलावले. तिला काहीही न सांगता “साखर घालायची आहे, दाट झाली का बघ” एवढेच म्हटले. ती म्हणाली, “दाट झालीय. थोडी खव्यासारखी लागते.” ते ऐकून माझा जीव खाली पडला. खव्यासारखी म्हणजे वाचली. “भाजल्यासारखी” म्हटली असती तर काठावर होती, आणि “जळकी” म्हटली असती तर काही करण्यासारखे उरले नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. थंड झाल्यावर करपट वास दबतो आणि गरम केल्यावर पुन्हा वर येतो, त्यामुळे फ्रिजमधली खीर चाखून निकाल देऊ नये.

यानंतर खीर पुरी करायची होती. ती सोडलेल्या वाटीभर खिरीमुळे कमी झाली होती आणि दहा मिनिटांत जास्त आटलीही होती, म्हणून आम्ही वाटीभर दूध वेगळे तापवून गरमच घातले. थंड दूध घातले तर खीर पुन्हा शेगडीवर जास्त वेळ ठेवावी लागते, आणि तेच तर टाळायचे असते. दाट खीर नव्या पातेल्यात पहिल्यापेक्षाही लवकर लागते, याची कल्पना फार थोड्यांना असते. तिची सुरुवातच दाटपणापासून होते. एकदा वाचवलेली खीर पाच मिनिटांत दुसऱ्यांदा लागलेली मी पाहिली आहे, आणि दुसऱ्यांदा ती वाचत नाही. यासाठी कॉइलवर आधी जाड तवा ठेवला आणि तव्यावर तसराळे ठेवले. तवा आच सगळ्या बुडाला वाटून देतो. मग साखर, साधारण 80 ग्रॅम, घातली आणि ती विरघळेपर्यंत डाव तळाला टेकवून सारखा फिरवत राहिलो. इथे डाव तळाला टेकवायचाच असतो, कारण या पातेल्याला अजून थर धरलेला नाही आणि तो धरू द्यायचा नाही. पहिल्या पातेल्यात जे निषिद्ध होते तेच दुसऱ्यात आवश्यक आहे, आणि हा बदल लेखिकेने टिपला तर स्वयंपाक जाणणारी वाचक लगेच तुमच्या बाजूची होईल.

वेलदोड्याची पूड मी अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नेहमीपेक्षा किंचितच जास्त घालायला सांगितली. वेलदोडा खव्यासारख्या खमंगपणाला चांगला बिलगतो आणि काठावरची खीर त्याने सावरते. जळकी खीर मात्र त्याने झाकली जात नाही. उलट जळका वास आणि भरपूर वेलदोडा एकत्र आले की औषधासारखी चव येते. विड्याचे पान घातल्याने धुरकटपणा जातो असे आमच्याकडच्या जुन्या बायका सांगत. मी ते करून पाहिले आहे. दुधाला पानाचा वास येतो, धुरकटपणा तिथेच राहतो. लिंबाचे नाव तर कोणी काढूच नये, खीर फाटेल. आणि ऐनवेळी साखरेऐवजी गूळ घालून रंग लपवण्याची कल्पना मुलींना हमखास सुचते. पण उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते, म्हणून त्या वाटेलाही जाऊ नये.

तुमच्या कथेत खीर वाचायची आहे, तर थराचा रंग ठरवून घ्या. ओतून झाल्यावर मुलीने पातेल्यात डोकवावे. बूड बदामी ते तपकिरी असेल आणि थर सलग असेल तर खीर वाचलेली दाखवायला हरकत नाही. मधोमध काळा डाग असेल आणि भोवती तपकिरी कडे असेल तर खीर खाता येईल, पण एखाद्या पात्राला तरी तो वास जाणवायला हवा. सगळेच बूड काळे असेल आणि ओतलेल्या खिरीत काळे ठिपके तरंगत असतील, तर कथेतसुद्धा ती वाचवू नका. आणि खिरीतून प्रत्यक्ष धूर येताना दाखवायचा मोह आवरा. पातेल्यात दूध असताना धूर दिसत नाही, वाफच दिसते. धूर सुटतो तो पातेले पार कोरडे पडल्यावर.

प्रमाणाचेही एक बंधन आहे. वसतिगृहाच्या भोजनगृहासाठी 40 लिटरचे पातेले लावलेले असते तेव्हा ते कोणी वाकवून ओतू शकत नाही. तिथे आम्ही आच बंद करून, वरून मोठ्या डावाने खीर दुसऱ्या भांड्यात काढत असू, आणि डाव तळापासून चार बोटे वरच ठेवत असू. तळाची चार बोटे सोडायची म्हणजे पाच-सहा लिटर खीर सहज जाते. म्हणून तुमच्या कथेतली खीर थोड्या जणींची, एका हाताने उचलता येईल अशा पातेल्यातली ठेवा.

त्या रात्री सहा जणींत खीर वाटली गेली. वाटणी थोडी कमी आली, कोणी काही विचारले नाही. जळके पातेले मुलीने माझ्या सांगण्यावरून घासले नाही. त्यात दोन बोटे पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळी काढली आणि झाकून रात्रभर ठेवले. सकाळी ती ते घेऊन खाली स्वयंपाकघरात आली. तो थर पापडासारखा सुटून पाण्यात तरंगत होता आणि त्यावर शेगडीच्या कॉइलची वेटोळी जशीच्या तशी उमटलेली होती, वेटोळ्यांवर तपकिरी आणि मधल्या जागेत पांढुरकी. तिने तो बोटाने उलटा करून पाहिला आणि विचारले, “काकू, म्हणजे एवढंच जळलं होतं?”